बाई ‘मी येतो’ म्हणाली, तर दुरुस्त करायचे का?

कादंबरीचे पहिले प्रूफ समोर आले की मुद्रितशोधकाचा हात सवयीने चालू लागतो. ‘कि’ दिसला की तो दीर्घ होतो, ‘आणी’तला ‘णी’ ऱ्हस्व होतो, राहिलेला अनुस्वार डोक्यावर चढतो. निवेदनाच्या परिच्छेदांत या सवयीवर विसंबता येते. अडचण अवतरणचिन्हाच्या आत सुरू होते. तिथे जे चुकलेले दिसते ते टंकलेखकाचे आहे, लेखकाचे आहे की पात्राचे, हे हाताला कळत नाही. त्यासाठी थांबावे लागते आणि पुष्कळदा भांडावेही लागते.

असे एक भांडण पुढे दिले आहे. त्यातली कादंबरी, तिच्यातली वाक्ये आणि वाद घालणारे दोघेही या लेखासाठी रचलेले आहेत, पण त्यांच्यापुढचे प्रश्न ललित पुस्तकांचे प्रूफ वाचणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील. कादंबरी घडते अकोला जिल्ह्यातल्या एका गावात. नायिका पन्नाशीची, नवरा गेलेला, थोडे कपाशीचे वावर आणि डोक्यावर बँकेचे कर्ज. निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. प्रूफ वाचणाऱ्यांपैकी एक पुण्याचे, शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळापासून या कामात असलेले गृहस्थ. दुसरी तिशीतली, मराठी घेऊन एम. ए. झालेली आणि माहेर अकोटचे. ती त्यांना काका म्हणते.

सत्तेचाळिसाव्या पानावर नायिका सुनेला म्हणते, “मी येतो सांजच्याले. तू भाकरी टाकून ठेव.” काकांनी ‘येतो’ला गोल करून समासात ‘येते’ लिहिले होते.

“काका, ती खूण काढा. बाई वऱ्हाडातली आहे. तिकडे बाया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. माझी आजी जन्मभर तसंच बोलली.”

“आजी बोलली असेल. पण पुस्तक रत्नागिरीतही वाचलं जाईल. तिथला वाचक म्हणेल, बाईच्या तोंडी पुल्लिंगी क्रियापद, आणि एवढी ढोबळ चूक कुणाला दिसली नाही! लेखकाला कुणी बोलणार नाही, बोल आपल्याला लागेल.”

“म्हणून चूक नसलेली गोष्ट दुरुस्त करायची?”

“चूक नाही हे आधी दाखव. तुझ्या आजीची साक्ष मला पुरत नाही. या पुस्तकातली साक्ष दे.”

काकांची ही मागणी रास्त आहे, आणि साऱ्या प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे. प्रमाण मराठीत वर्तमानकाळात बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते: पुरुष ‘मी येतो’ म्हणतो, स्त्री ‘मी येते’ म्हणते. वऱ्हाडीत आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांतही प्रथमपुरुषी हा भेद पाळला जात नाही. बाईमाणूस आणि बाप्यामाणूस दोघेही ‘मी येतो’च म्हणतात. म्हणजे इथे नियम मोडलेला नाही, निराळा नियम पाळलेला आहे. निराळा नियम आणि निव्वळ गफलत यांतला फरक ओळखायचा तर नियमितपणा शोधावा लागतो. गफलत कुठेही, कशीही होते. नियम सगळीकडे सारखा लागू होतो.

ती साक्ष त्याच पानावर सापडली. चार ओळी खाली नायिका म्हणते, “पोरगी शायेत जाते, पोरगा जात नाई.” तृतीयपुरुषी ‘पोरगी जाते’ हे स्त्रीलिंगी रूप तिने बरोबर वापरले आहे. लेखकाचा लिंगाचा गोंधळ असता तर तो इथेही दिसला असता. मग दोघांनी तिची पुढची सगळी वाक्ये काढली. स्वतःबद्दल बोलताना गावात ती प्रत्येक वेळी ‘येतो, जातो, करतो’ असेच म्हणत होती. काकांनी आपल्या खुणेवर काट मारली, ‘येतो’च्या खाली ठिपके दिले आणि समासात लिहिले, ‘आहे तसे ठेवावे.’ जुळारी असो वा आजचा संगणकचालक, ठिपक्यांचा अर्थ एकच: इथे हात लावू नका.

“आता नियमाचंही ऐक,” काका म्हणाले. “तू समजतेस तितका मी नियमवेडा नाही. नियमच तुझ्या बाजूने आहेत.”

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. आधी ते १४ होते, १९७२ मध्ये चारांची भर पडून १८ झाले. त्यांत पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी उच्चाराप्रमाणे सानुस्वार रूपे लिहायला मोकळीक दिली आहे. एरवी ‘असे केले’, ‘मी म्हटले’. म्हणजे बोलण्याची आणि लिहिण्याची घडी वेगळी असू शकते, हे खुद्द नियमांनी मान्य केले आहे. मराठी कादंबरीने तर ते त्याआधीच करून दाखवले होते. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. तिच्यातली माणसे वऱ्हाडीत बोलतात. मात्र नियम ‘केले’ आणि ‘केलं’ यांच्यापाशी थांबतात. ‘मला’ आणि ‘मले’ यांच्यात निवड कशी करायची, हे ते सांगत नाहीत. तिथून पुढे मुद्रितशोधकाला स्वतःची वाट काढावी लागते.

पहिला वाद तरुण सहकारी जिंकली, म्हणून तिचा हात सैल झाला. एकशेबत्तिसाव्या पानावर नायिका बँकेत जाते आणि अधिकाऱ्याला म्हणते, “साहेब, मला काय माहीत? मी उद्या येते.” तिने लगेच ‘मला’चे ‘मले’ केले, ‘येते’चे ‘येतो’ केले.

“हे का बदललंस?”

“सगळ्या पुस्तकात ती ‘मले’ म्हणते. इथे एकदम ‘मला’ कसं? टाइप करणाऱ्याने सवयीने केलेलं दिसतंय. एकसारखेपणा नको का?”

“समोर कोण बसलंय?”

“बँकेचा साहेब.”

“आणि त्याच्या आधी कोणाकोणाशी बोलली ती? सून, मुलगा, जाऊ, शेजारीण. साहेबाशी पहिल्यांदाच बोलतेय. पुढची ओळ वाच.”

पुढच्या ओळीत ती मुलाकडे वळून हळूच म्हणते, “चाल बापा, मले नाई समजत हे.” एकाच परिच्छेदात ‘मला’ही आहे आणि ‘मले’ही आहे. टंकलेखकाची सवय असती तर ती दोन ओळींत अशी पलटली नसती. बाई साहेबासमोर शाळेतली मराठी बोलायचा प्रयत्न करते आणि मुलाकडे वळताच आपल्या बोलीत येते. ती बावरली आहे, हे लेखकाने कुठेही लिहिलेले नाही. ते या दोन शब्दांच्या फरकात आहे. एकसारखेपणासाठी ‘मले’ केले असते तर त्या प्रसंगातली तिची घालमेल पुस्तकातून नाहीशी झाली असती, आणि ती नाहीशी झाली हे कोणालाही कळले नसते. दुरुस्तीने झालेले नुकसान असेच असते: छापलेल्या पानावर त्याची खूण राहत नाही.

माझ्या मते संवादांतला सर्वांत मोठा धोका प्रमाणभाषेच्या आग्रहाचा नसून एकसारखेपणाच्या आग्रहाचा आहे. प्रमाणभाषेचा आग्रह निदान ओळखू येतो आणि लेखक त्यावर चिडतो तरी. एकसारखेपणा मात्र लेखकाची बाजू घेतल्यासारखा दिसतो. खरी माणसे एकसारखी बोलत नाहीत. समोरचा बदलला की बोलणे बदलते, राग आला की बदलते, परगावी गेले की बदलते.

म्हणून बदललेले प्रत्येक रूप हेतूनेच आलेले असते, असेही नाही. दोनशेपाचव्या पानावर विहिरीवर जावेशी बोलताना नायिका म्हणते, “मला नोको सांगू व बाई.” इथे साहेब नाही, परका कोणी नाही, आणि तिच्या बाकीच्या बोलण्यात वऱ्हाडी ‘नोको’ आणि ‘व’ जसेच्या तसे आहेत. मूळ प्रत काढून पाहिली तर तिथेही ‘मला’च. म्हणजे चूक अक्षरजुळणीतली नाही. असलीच तर लेखकाची. दोघांनी आपली मते बाजूला ठेवली आणि समासात प्रश्न लिहिला: ‘इथे मला हेतुपूर्वक आहे का? जावेशी अन्यत्र मले, पृ. ४९, ८८.’ प्रश्नाबरोबर पानांचे आकडे दिल्याने लेखकाला चार पाने उलटून दोन मिनिटांत उत्तर देता येते. नुसते प्रश्नचिन्ह टाकले तर बहुधा ते तसेच परत येते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण बोलीतली पुस्तके तिच्यामुळे हकनाक बिघडतात. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ ही सोय आहे. मुद्रितशोधकाने ‘पानी’चे ‘पाणी’ करा असे एकदा लिहिले आणि चालकाने सगळ्या पुस्तकाला ती आज्ञा दिली, तर निवेदनातले ‘जपानी’ ‘जपाणी’ होते. ‘कोन’चे ‘कोण’ केले तर भिंतीतला ‘कोनाडा’ ‘कोणाडा’ होतो. ‘मले’चे ‘मला’ केले तर ‘लोक जमले’चे ‘लोक जमला’ होते, आणि उलट ‘मला’चे ‘मले’ केले तर कमला नावाची बाई ‘कमले’ होते. अशी विचित्र रूपे दुसऱ्या प्रुफात दिसू लागली की समजावे, कोणीतरी सगळ्या पुस्तकावर एकच आज्ञा फिरवली आहे. मग ती एक चूक दुरुस्त करून भागत नाही, मूळ प्रत शेजारी ठेवून सगळे पुस्तक पुन्हा वाचावे लागते. संवादांतली दुरुस्ती एकेका जागी, हातानेच झाली पाहिजे.

दुपारनंतर वाद शुद्धलेखनाकडे वळला. नायिकेच्या एका वाक्यात ‘पानि’ असे ऱ्हस्व आले होते, दुसऱ्या एका वाक्यात ‘कि’.

“हेही तिचंच आहे म्हणून ठेवायचं का?” काकांनी विचारले.

“नाही. हे दुरुस्त करू, आणि विचारायचीही गरज नाही.”

“का?”

“मोठ्याने वाचा. ‘पानी’ म्हटलं काय, ‘पानि’ म्हटलं काय, ऐकू एकच येतं. शेवटची वेलांटी आपण कशीही लिहिली तरी दीर्घच म्हणतो. ‘पाणी’ म्हटलं तर मात्र बाई बदलते.”

तिचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. संवादात खूण करण्यापूर्वी ते वाक्य मूळ रूपात आणि दुरुस्त रूपात मोठ्याने वाचावे. कानाला फरक पडत नसेल तर ती लेखनाची बाब आहे आणि नेहमीचे नियम निःशंकपणे लावावेत. पात्र बोलते, ते काही लिहीत नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या नावावर टाकता येत नाहीत. कानाला फरक पडत असेल तर तो आवाज आहे, आणि आवाज लेखकाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. पात्राने लिहिलेली चिठ्ठी वा अर्ज कादंबरीत आला तर मात्र हिशेब उलटतो. तिथे ‘कि’ही त्या पात्राचा असू शकतो.

काकांनी या कसोटीला तिची दुसरी बाजू दाखवली. कादंबरीत पुण्याहून आलेला एक कृषी अधिकारी आहे. तो ‘पाहिजे’ म्हणतो, नायिका ‘पायजे’ म्हणते.

“तू पुण्यात राहतेस. इथे भरभर बोलताना कोण ‘पाहिजे’ म्हणतं? मीही ‘पायजे’च म्हणतो. अधिकारीही तसंच म्हणत असणार. मग त्याचा उच्चार लपवायचा आणि तिचा तेवढा दाखवायचा, हे मला पटत नाही.”

“पण काका, तिचं ‘मले’, ‘शाया’ही वेगळंच आहे की.”

“ते खरोखर वेगळं आहे. तो अधिकारी ‘मले’ म्हणत नाही. ‘पायजे’ मात्र दोघंही म्हणतात. एकालाच ते लावलं की बाई अडाणी दिसते, आणि तिचा काही दोष नसताना दिसते.”

काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. बोली दाखवणे आणि अडाणीपणा दाखवणे यांतली रेघ अशा बारीक जागी ओलांडली जाते, बऱ्याचदा लेखकाच्याही नकळत. मुद्रितशोधकाने ती स्वतः पुसू नये, पण दाखवून द्यावी. इथे समासातली टीप अशी गेली: ‘पायजे दोघांच्याही तोंडी शक्य आहे. दोघांनाही एकच रूप द्यावे का?’

शेवटचा वाद असा झाला की त्यात अकोटची बाजू अडचणीत आली. नायिका एका जागी विचारते, “काहून गेला तो?” तरुण सहकारीने ‘काहून’ खोडून ‘कायले’ लिहिले.

“आमच्याकडे ‘कायले’ म्हणतात.”

“तुमच्याकडे म्हणजे तुझ्या घरी. सकाळी मी माझी पुणेरी मराठी बाईच्या तोंडात घालत होतो, आता तू तुझी अकोटची वऱ्हाडी घालतेस. दोन्ही सारखंच.”

तिला हे लगेच पटले नाही. आपल्या बोलीत चुकीचे छापले जाऊ नये, ही तळमळ खोटी नव्हती. पण वऱ्हाडी ही काही एकच एक भाषा नाही. गाव बदलले, जात बदलली, सून कुठून आली हे बदलले की शब्द बदलतात, आणि ‘काहून’ विदर्भात सर्रास ऐकू येतो. बोली जाणणारा मुद्रितशोधक पुस्तकाला फार उपयोगी पडतो, कारण खरी गफलत त्यालाच दिसते. तोच आपल्या घरची बोली प्रमाण मानू लागला की एका प्रमाणभाषेच्या जागी दुसरी येते, एवढेच. तिने ‘काहून’खाली ठिपके दिले.

एक प्रश्न मात्र दोघांनाही सुटला नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ‘शाया’ होते, डोळे ‘डोये’ होतात. नायिका एकदा म्हणते, “काया रंग हाय मातीचा.” वाचक ‘काया’ म्हणजे शरीर असे वाचून क्षणभर अडखळणार. काकांना तिथे ‘काळा’ हवा होता, तिला नको होता. हा निर्णय अर्थातच लेखकाचा. मुद्रितशोधकाने फक्त सांगायचे की इथे वाचक अडेल. लेखकाला चार मार्ग उपलब्ध असतात: शब्द तसाच ठेवणे, वाक्य फिरवून अर्थ उघड करणे, पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी देणे, किंवा तेवढ्या जागी प्रमाण रूप वापरणे. मला विचाराल तर वाक्य फिरवावे. पुढे-मागे ‘पांढरी’ माती आली की ‘काया’ आपोआप कळतो आणि वाचकाला पान उलटावे लागत नाही.

हे सगळे वाद पहिल्याच प्रुफात व्हावे लागतात. दुसऱ्या प्रुफात पाने बसलेली असतात, वेळ संपत आलेला असतो, आणि ‘राहू दे’ किंवा ‘करून टाक’ यांपैकी एक घाईत म्हटले जाते. म्हणून बोलीत संवाद लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाला आग्रहाची विनंती आहे: हस्तलिखितासोबत एक वेगळा कागद जोडा. पात्रागणिक चार ओळी पुरतात. नायिका गावात ‘मले, तुले’ म्हणते, स्वतःबद्दल ‘मी येतो’ म्हणते, साहेबासमोर ‘मला’वर जाते, ‘ण’ऐवजी ‘न’ सगळीकडे, ‘ळ’ऐवजी ‘य’ सगळीकडे की काही शब्दांतच, ‘अन्’ लिहायचे की ‘आन’. आणि प्रकाशकांनी तो कागद फायलीत न ठेवता पहिल्या प्रुफाबरोबर मुद्रितशोधकाच्या हाती द्यावा.